लहान मुलाला स्पेसरने पंप देताना: मास्क, श्वास आणि झडप

दोन-तीन वर्षांच्या मुलाला बालदमा आहे असं ठरलं की चिठ्ठीवर तीन गोष्टी येतात: पंप, स्पेसर आणि बेबी मास्क. औषधाच्या दुकानातून तिन्ही एका पिशवीत घरी येतात. पण ते जोडायचं कसं, मुलाला धरायचं कसं आणि औषध खरंच आत गेलं की नाही हे ओळखायचं कसं, हे दाखवायला दवाखान्याच्या गर्दीत बहुतेक वेळा कोणाकडे वेळ नसतो. मग घरोघरी ज्याची त्याची पद्धत पडते. पुण्यात पावसाळा सरून थंडी सुरू होते, त्यात दिवाळीचे फटाके, आणि ‘दोन महिने पंप चालू आहे पण रात्रीचा खोकला थांबत नाही’ म्हणत आईवडील येतात. अशा वेळी औषध बदलण्याआधी मी त्यांना म्हणते, ‘घरी जसं देता तसंच इथे देऊन दाखवा.’ बऱ्याचदा दुखणं तिथेच सापडतं.

हा लेख साधारण चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. म्हणजे ज्यांना ‘श्वास आत ओढ, धरून ठेव’ असं सांगून उपयोग नाही आणि ज्यांना मास्क लावूनच औषध द्यावं लागतं त्यांच्यासाठी. कोणतं औषध, किती पफ, किती महिने हे तुमचे डॉक्टर ठरवतील. ते औषध छातीपर्यंत पोचवायचं काम मात्र घरातल्या माणसांचं आहे.

स्पेसर मुळात कशासाठी

पंप दाबला की औषधाचा फवारा फार जोरात बाहेर येतो. तोंडात सरळ मारला तर त्यातले मोठे थेंब घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून तिथेच चिकटतात. मोठ्या माणसालासुद्धा पंप दाबणं आणि श्वास ओढणं नेमकं एका क्षणी जमत नाही, तर लहान मुलाला कुठून जमणार? स्पेसरच्या पोकळीत फवाऱ्याचा वेग कमी होतो, मोठे थेंब प्लॅस्टिकच्या भिंतीवर बसतात आणि श्वासनलिकांत खोलवर जाऊ शकतील असे बारीक कण काही सेकंद हवेत तरंगत राहतात. मूल आपल्या नेहमीच्या लयीत श्वास घेत ते आत घेतं.

‘काही सेकंद’ हे मात्र लक्षात ठेवा. ते कण फार काळ तरंगत नाहीत, भिंतीवर बसायला लागतात. म्हणून आधी पंप दाबून, मग स्पेसर घेऊन मुलाच्या मागे घरभर फिरलं तर तोंडापर्यंत पोचेस्तोवर आत फारसं काही उरलेलं नसतं.

चांगल्या स्पेसरच्या तोंडाशी एक पातळ झडप असते. मूल श्वास आत घेतं तेव्हा ती उघडते, सोडतं तेव्हा मिटते, आणि उच्छ्वासाची हवा औषधाच्या पोकळीत न जाता बाजूने निघून जाते. मुलाने श्वास घेतला का, हे आपल्याला दाखवणारी ही एकमेव जागा आहे. म्हणून दुकानातच विचारा, ‘झडपेचा आहे ना?’ घरी आणल्यावर पंप न लावता तुम्ही स्वतः तोंड लावून दोन श्वास घ्या आणि आरशात पाहा, पातळ पडदा हलताना दिसेल. नंतर तो भाग पुसायला विसरू नका.

आधी मास्क बघा

मास्कचा आकार मुलाच्या चेहऱ्यावरून ठरतो, खोक्यावर लिहिलेल्या वयावरून नाही. वरची कड नाकाच्या दांडीवर, खालची कड ओठ आणि हनुवटीच्या मधल्या खळीत, आणि नाक-तोंड दोन्ही आत. डोळ्यांवर चढत असेल किंवा हनुवटीखाली लोंबत असेल तर तो मोठा होतोय. मोठा मास्क ‘पुढे चालेल’ म्हणून घेऊ नका. एक म्हणजे कडेने फट राहते, आणि दुसरं म्हणजे मास्कमधली रिकामी जागा वाढते. लहान मुलाचा श्वास इतका छोटा असतो की त्यातला बराचसा त्या रिकाम्या जागेतली हवा ओढण्यातच संपतो.

फट हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा चोर आहे. मूल श्वास ओढतं तेव्हा हवा सोप्या वाटेने येते. गालापाशी थोडी जरी फट असली तरी झडप उघडून औषधाची हवा ओढण्याऐवजी ते बाहेरची हवा ओढतं. दिसायला मास्क तोंडावर आहे, पंपही दाबलाय, मूल श्वासही घेतंय. औषध मात्र स्पेसरमध्येच. नाकासमोर चार बोटांवर मास्क धरून ‘वास घे’ म्हणणं म्हणजे औषध न देण्यासारखंच आहे.

रबर किंवा सिलिकॉनची कड मऊ असावी. कालांतराने ती कडक होते, वाकते, तिला चिरा पडतात. असा मास्क नवीन घ्या. बहुतेक वेळा तो सुटा मिळतो, सगळा स्पेसर बदलावा लागत नाही.

देण्याची तयारी

पहिलं काम म्हणजे पंपावरचं नाव वाचणं. बहुतेक मुलांना दोन पंप दिलेले असतात: एक रोजचा, सूज कमी ठेवणारा, उदाहरणार्थ बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन, आणि एक धाप लागल्यावर लगेच आराम देणारा, बहुधा साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल. रंगावरून ओळखायची सवय धोक्याची, कारण कंपनी बदलली की रंग बदलू शकतो. दोन्हींवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात ‘रोजचा’ आणि ‘धाप लागली तर’ असं लिहून ठेवा. आजी-आजोबांना चष्म्याशिवाय वाचता येईल इतकं मोठं.

झाकण काढा आणि पंपाच्या तोंडात डोकावून पाहा. हे अतिशयोक्त वाटेल, पण उघडा पंप पिशवीत राहिला की त्याच्या तोंडात नाणं, मणी, खडा काहीही जाऊन बसू शकतं, आणि फवाऱ्याच्या जोराने ते पुढे ढकललं जातं. झाकण परत लावायची सवय याचसाठी.

पंप नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर पहिले काही पफ हवेत सोडायचे असतात. औषधाप्रमाणे हा आकडा बदलतो, साधारण दोन ते चार. सोबतच्या कागदावर दिलेला असतो. हे मुलापासून लांब, खिडकीपाशी करा.

मग पंप चांगला हलवा. आतलं औषध अनेकदा विरघळलेलं नसतं, बारीक कणांच्या रूपात द्रवात तरंगत असतं आणि स्थिर ठेवलं की वेगळं होतं. न हलवता किंवा हलवून बराच वेळ थांबून दाबलं तर एका पफात औषध कमी, दुसऱ्यात जास्त असं होतं. हलवा, लगेच स्पेसरच्या मागच्या भोकात बसवा, आणि पुढच्या कामाला लागा.

मूल मांडीवर, पाठ तुमच्या छातीला

आडवं करून औषध देऊ नका. मूल झोपलेलं असलं की स्पेसर उभा होतो आणि पंप आडवा पडतो. पंप नेहमी उभा असायला हवा, धातूची डबी वर आणि तोंड खाली, नाहीतर प्रत्येक पफाचं माप चुकतं.

मुलाला मांडीवर बसवा, तोंड तुमच्याकडे नाही, समोर. त्याची पाठ तुमच्या छातीला टेकलेली, डोकं तुमच्या खांद्याखाली विसावलेलं. वळवळ करणारं असेल तर त्याचा एक हात तुमच्या काखेखाली आणि दुसरा तुमच्या कोपराने हलकेच धरा. आता डाव्या हाताने मास्क लावा: अंगठा आणि तर्जनी मास्क-स्पेसरच्या जोडावर, उरलेली तीन बोटं मुलाच्या हनुवटीच्या हाडाखाली. या तीन बोटांनी हनुवटी किंचित वर मास्ककडे आणायची. नुसता मास्क चेहऱ्यावर दाबला तर मूल डोकं मागे घेतं. हनुवटीला आधार दिला की कमी जोरात कड नीट बसते. उजवा हात पंपासाठी मोकळा राहतो. डावखुऱ्यांनी उलट करावं.

पंप दाबायला बोटात जोर लागतो. संधिवात असलेल्या आजींना एका हाताने तो दाबला जात नाही, मग त्या दोन्ही हात पंपाला लावतात आणि मास्क नकळत सुटतो. अशा घरात दोघांनी मिळून द्यावं: एकाने मुलाला आणि मास्कला धरावं, दुसऱ्याने फक्त पंप दाबावा.

मास्क बसला की लगेच दाबू नका. आधी झडपेकडे पाहा. दोन श्वास होऊ द्या; पडदा उघडतोय, मिटतोय हे दिसलं, म्हणजे फट नाही आणि मूल श्वास घेतंय. मगच एक पफ दाबा. एकच. आणि मोठ्याने मोजायला लागा: पडदा उघडला की एक, पुन्हा उघडला की दोन, असं सहापर्यंत. या वयाचं शांत मूल मिनिटाला साधारण वीस ते तीस श्वास घेतं, म्हणजे सहा श्वासांना पंधरा सेकंदांच्या आसपास लागतात. श्वास अगदी उथळ वाटले तर दहापर्यंत मोजा. मोजणी संपेपर्यंत मास्क हलता कामा नये.

डॉक्टरांनी दोन पफ सांगितले असतील तर मास्क काढा, पंप स्पेसरमधून बाहेर काढून पुन्हा हलवा, आणि अर्ध्या-एक मिनिटाने सगळं पहिल्यापासून करा. ‘दोन्ही एकदम दाबून घेऊ, लवकर आटपेल’ असं करू नका. दोन फवारे पोकळीत एकमेकांत मिसळले की कण एकत्र येऊन मोठे होतात, भिंतीवर जास्त बसतात, आणि दोन पफ दाबूनही मिळायला हवं त्यापेक्षा कमी औषध मिळतं.

रोजचा पंप स्टेरॉइडचा असेल तर नंतर तोंडात राहिलेलं औषध धुवायला हवं. एवढ्या मुलाला चूळ भरता येत नाही. दोन-चार घोट पाणी पाजा आणि मास्कखालची त्वचा ओल्या फडक्याने पुसा. सगळ्यात सोयीचं म्हणजे पंपाची वेळ दात घासण्याच्या आधीची ठेवा. जिभेवर किंवा गालाच्या आत पुसून न जाणारे पांढरे चट्टे दिसले तर डॉक्टरांना दाखवा. ती बुरशी असते आणि औषधाने बरी होते. तेवढ्यासाठी मनानेच पंप बंद करू नका.

मूल रडतं तेव्हा

‘रडताना मोठा श्वास घेतो ना, मग औषध जास्त जाईल’ हा समज मी इतक्यांदा ऐकलाय की इथे थांबून लिहायलाच हवं. रडणारं मूल लांबलचक श्वास बाहेर सोडतं आणि मधेच एक झटक्याचा श्वास ओढतं. त्या झटक्यात औषधाचे कण घशावर आपटतात आणि गिळले जातात. शिवाय तोंड वाकडं होऊन मास्कची कड सुटते. छातीत जवळजवळ काहीच पोचत नाही. रडत असेल तर पफ दाबू नका. मास्क बाजूला ठेवा, शांत करा, पाच मिनिटांनी पुन्हा.

शांत मूल मिळवण्याची तयारी औषधाच्या वेळेआधीची असते. सुरुवातीचे काही दिवस स्पेसर पंपाशिवाय त्याच्या हाती द्या. बाहुलीला लावू दे, बाबांना लावू दे, मग स्वतःला. पडद्याची हालचाल त्यालाच दाखवा. ‘तू हलवून दाखव’ म्हटलं की बहुतेक मुलं आपणहून श्वास घेतात. मोजणी दररोज त्याच चालीत करा, म्हणजे सहा म्हटलं की संपणार हे त्याला कळतं, आणि शेवट माहीत असला की मूल थांबतं. मोबाइलवर काहीतरी दाखवत देणंही चालेल, फक्त बसलेलं असू दे आणि मास्क तुमच्या हातात राहू दे.

एका घरातली गोष्ट

कोथरूडमधलं कुटुंब, मुलगा साडेतीन वर्षांचा. बुडेसोनाइड 100 मायक्रोग्रॅमचा पंप, सकाळी एक पफ, रात्री एक. आईवडील दोघंही नोकरीला, त्यामुळे सकाळचा पफ आई घाईत द्यायची आणि रात्रीचा आजी. दोन महिने झाले तरी आठवड्यातल्या तीन-चार रात्री खोकून उठायचा. घरात चर्चा होती की औषध वाढवावं का, नाहीतर ‘पुन्हा वाफच द्यावी’.

त्यांना घरचा स्पेसर घेऊन बोलावलं आणि आजींना म्हटलं, ‘रात्री देता तसंच द्या.’ आजींनी नातवाला मांडीवर आडवं घेतलं, मास्क नाकावर टेकवला, पंप दाबला, मनातल्या मनात दहा मोजले आणि मास्क काढला. अतिशय मायेने, न चुकता रोज त्या हे करत होत्या. पण मास्क लहान बाळाचा होता, मूल वाढलं तरी तोच चालू होता. खालची कड खालच्या ओठावरच टेकत होती, तोंड अर्धं बाहेर. पंप आडवा. झडपेचा पडदा एकदाही हलला नाही. स्पेसर हातात घेतला तर आतून चकचकीत, कारण दर रविवारी धुऊन पंच्याने घासून कोरडा केला जायचा. त्याने काय बिघडतं ते पुढे येतंच.

औषध वाढवलं नाही. मोठा मास्क आणला. आजींनी नातवाला बसवूनच द्यायचं ठरलं, पडदा हलल्याशिवाय पफ दाबायचा नाही आणि मोजणी नातवाने स्वतः मोठ्याने नाही, आजींनी करायची, कारण बोललं की श्वासाची लय तुटते. भिंतीवरच्या कालनिर्णयवर, ज्या रात्री खोकून उठेल त्या तारखेला आईने गोल करायचा. हा गोल फार कामाचा असतो. ‘जरा बरं आहे’ यापेक्षा तो डॉक्टरांना जास्त सांगतो. रोजच्या पंपाचा परिणाम एका रात्रीत दिसत नाही, काही आठवडे लागतात. महिनाभरानंतरच्या पानावर शेवटच्या आठवड्यात एकच गोल होता, आणि तोही सर्दीच्या दिवशीचा.

हे प्रत्येक मुलात असंच होईल असं नाही. पद्धत नीट असून आणि रोजच्या रोज देऊनही गोल कमी झाले नाहीत, तर मात्र औषध, मात्रा किंवा मुळात निदानच पुन्हा तपासायला हवं. पण तो विचार करण्याआधी पडदा हलतोय की नाही हे पाहिलेलं असायला हवं.

स्पेसर धुताना

प्लॅस्टिक कोरड्या फडक्याने घासलं की त्यावर स्थिर वीज तयार होते. स्वेटर काढताना केस उभे राहतात तोच प्रकार. मग औषधाचे बारीक कण हवेत तरंगण्याऐवजी भिंतीकडे ओढले जातात आणि प्रत्येक पफातलं औषध कमी होतं. म्हणून स्पेसर आतून कधीही पुसायचा नाही.

सुटे भाग वेगळे करा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब टाका, त्यात भाग पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग हलवून काढा. स्पेसरची पोकळी स्वच्छ पाण्याने विसळू नका. साबणाचा जो अगदी पातळ थर राहतो तोच स्थिर वीज कमी करतो. मास्क मात्र विसळा, कारण तो मुलाच्या त्वचेला आणि तोंडाला लागतो. पाणी झटकून भाग जाळीवर उभे ठेवा आणि हवेवर वाळू द्या. महिन्यातून एकदा पुरतं, आणि नवा स्पेसर पहिल्या वापराआधी एकदा. उकळत्या पाण्यात घालू नका, प्लॅस्टिक आणि झडप वाकते. तुमच्या स्पेसरच्या कागदावर वेगळं सांगितलं असेल तर ते पाळा.

पुण्याच्या पावसाळ्यात काहीच लवकर वाळत नाही. सकाळचा पफ झाल्यावर लगेच धुवा, म्हणजे रात्रीपर्यंत दिवस मिळतो. आत पाण्याचे थेंब दिसत असतील तर तो वापरायला तयार नाही.

पंपाचं प्लॅस्टिकचं खोकंही आठवड्यातून एकदा धुवावं लागतं, विशेषतः साल्ब्युटामॉलचं, कारण त्याच्या बारीक भोकाशी पांढरी पावडर साचून फवारा कमी होतो. धातूची डबी बाहेर काढून ठेवा. डबी पाण्यात घालायची नाही. फक्त खोकं कोमट पाण्याखाली धरा, झटका आणि पूर्ण वाळल्यावर डबी परत बसवा.

पंपात औषध किती उरलं

ज्या पंपावर आकडा दिसतो त्यांचा प्रश्न नाही. बाकीच्यांसाठी हिशेबच करावा लागतो. डबी पाण्यात टाकून तरंगते का पाहण्याची जुनी युक्ती सोडून द्या. तिच्यावरून काही कळत नाही आणि भोक मात्र चोंदू शकतं. हलवल्यावर आत डुचमळतंय यावरही जाऊ नका. औषधाचे पफ संपल्यावरही फवारा उडवणारा द्रव शिल्लक असतो, तो बाहेर येत राहतो आणि आपल्याला वाटतं पंप चालू आहे.

समजा डबीवर 200 पफ लिहिले आहेत आणि रोज दोन लागतात. 1 जूनला सुरू केला तर 100 दिवस, म्हणजे 8 सप्टेंबर. सुरुवातीला हवेत सोडलेले चार पफ वजा करा, 6 सप्टेंबर. ही तारीख पेनने पंपावरच लिहा आणि आठवडाभर आधी नवा आणा. धाप लागल्यावर वापरायच्या पंपाला असा हिशेब लागू होत नाही. त्याचे पफ वापरल्यावर वहीत लिहावे लागतात. वहीचा दुसरा फायदा असा की हा पंप वारंवार लागायला लागला की ते लगेच दिसतं, आणि तेव्हा डॉक्टरांकडे जायचं असतं.

पंप उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. डबीत दाबाखालचा द्रव असतो. एप्रिलच्या दुपारी बंद गाडी फार तापते. डबी संपली तरी तिला भोक पाडू नका, पेटत्या कचऱ्यात टाकू नका.

धाप लागते तेव्हा

इथे ‘धाप लागली तर’ असं लिहिलेला पंप घ्यायचा. रोजच्या स्टेरॉइडच्या पंपाने त्या क्षणी आराम पडत नाही, त्याचे चार पफ जास्त दिले म्हणूनही नाही.

तुमच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं असेल तर तेच करा. लिहून घेतलेलं नसेल तर पुढच्या भेटीत नक्की घ्या. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी घरी सुरुवात करताना साधारणपणे साल्ब्युटामॉल 100 मायक्रोग्रॅमचे दोन पफ सांगितले जातात, वर लिहिलेल्या पद्धतीनेच, एका वेळी एक. घाईत हीच पद्धत सगळ्यात आधी मोडते, म्हणून ती शांत दिवसांत हातात बसलेली हवी. वीस मिनिटांनी धाप कमी झाली नसेल तर पुन्हा दोन, आणि आणखी वीस मिनिटांनी पुन्हा दोन देता येतात. पहिल्या दोन तासांत सहापेक्षा जास्त पफ लागतील असं वाटलं, किंवा पफानंतरचा आराम दर वेळी कमी कमी टिकायला लागला, तर घरी थांबू नका, दवाखान्यात न्या. वर्षाच्या आतल्या बाळाच्या बाबतीत इतकी वाटही पाहू नका. पफ दिल्यावर मुलाचे हात थोडे थरथरणं किंवा छाती धडधडणं या औषधाने होऊ शकतं, ते थोड्या वेळाने उतरतं.

‘पंपापेक्षा वाफेचं मशीन ताकदीचं’ असं अजूनही अनेकांना वाटतं. सौम्य आणि मध्यम त्रासात स्पेसरने नीट दिलेला पंप नेब्युलायझरइतकंच काम करतो, आणि त्याला वीज लागत नाही. पंपाची ‘सवय लागेल’ म्हणून खोकल्याच्या सिरपवर थांबणाऱ्यांनी एक हिशेब करून पाहावा: साल्ब्युटामॉलच्या 5 मिलिलिटरला 2 मिलिग्रॅम असलेल्या सिरपच्या एका चमच्यात 2000 मायक्रोग्रॅम औषध असतं, म्हणजे वीस पफांइतकं. ते पोटातून रक्तात आणि मग सगळ्या अंगभर जातं; पफातलं जिथे हवं तिथे.

शर्ट वर करून मुलाची छाती उजेडात पाहा. श्वासागणिक बरगड्यांमध्ये किंवा गळ्याखाली खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलतायत, श्वास मिनिटाला चाळीसच्या वर आहेत, पाणी पिता येत नाही किंवा एक वाक्य सलग बोलता येत नाही, तर लगेच निघायचं. ओठ निळसर झाले, मूल सुस्त पडायला लागलं किंवा आधी ऐकू येणारी शीळ मूल थकत असताना अचानक बंद झाली, तर 108 ला फोन करा. ही शांतता बरं वाटल्याची नसते; हवा आत-बाहेर होणंच कमी झालेलं असतं. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत आणि वाटेतही मुलाला बसतं ठेवून त्याच पंपाचे पफ स्पेसरमधून देत राहा, प्रत्येकाआधी पंप हलवून आणि पडदा पाहून. दवाखान्यात पोचल्यावर किती पफ, किती वाजता दिले ते सांगा, आणि स्पेसर व दोन्ही पंप सोबतच ठेवा.